जुलाब लागल्यावर मुलाचे पोट रिकामे ठेवावे का?

प्रश्न : माझ्या दीड वर्षाच्या मुलाला कालपासून ताप, उलट्या आणि पातळ जुलाब आहेत. डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे. सासूबाई म्हणतात, दूध बंद कर, दोन दिवस पोटाला आराम दे, फक्त साबुदाण्याची पेज आणि डाळीचे पाणी दे. काय द्यावे आणि कोणती जुनी पथ्ये सोडावीत?

मी बालरुग्ण विभागात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि पावसाळ्यात हाच प्रश्न मला जवळजवळ रोज विचारला जातो. आधी सर्वांत महत्त्वाचे : बाळ अंगावर पीत असेल तर ते क्षणभरही थांबवू नका, वरचे दूध पीत असेल तर तेही नेहमीइतकेच दाट द्या, आणि पोटाला आराम देण्याच्या नावाखाली त्याला उपाशी ठेवू नका. आतड्याच्या अस्तरातील पेशी दर काही दिवसांनी नव्याने तयार होत असतात आणि त्यांना पोषण बऱ्याच अंशी आतड्यातून जाणाऱ्या अन्नातूनच मिळते. त्यामुळे उपासाने आतड्याला विश्रांती मिळत नाही, उलट विषाणूने खरवडलेले अस्तर भरून यायला उशीर होतो. त्यातच अंगातला ताप एक अंश सेल्सिअसने वाढला की शरीराचा ऊर्जेचा खर्च साधारण दहा टक्क्यांनी वाढतो, म्हणजे ज्या दिवसांत गरज वाढलेली असते नेमक्या त्याच दिवसांत आपण ताट काढून घेतो.

पहिले काम मात्र पाण्याचे आहे. औषधाच्या दुकानातून ओआरएसचे, म्हणजे जलसंजीवनीचे पाकीट आणा आणि त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे ना, हे वाचून घ्या. चवीच्या तयार पेयांवर ‘ओआरएस’ हे नाव छापलेले असे. त्यांत साखर फार आणि मीठ कमी असते, आणि म्हणूनच ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावातून हा शब्द काढायला लावला. मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. ते अर्धे-पाव करून पेल्यात ढवळू नका, कारण अंदाज चुकला की पाणी खारट होते आणि जास्त मीठ लहान मुलाला धोकादायक ठरते. उकळून गार केलेले लिटरभर पाणी मोजून घ्या, त्यात संपूर्ण पाकीट एकदाच विरघळवा, वरून साखर घालू नका आणि चोवीस तासांनंतर उरलेले फेकून द्या. पाकीट मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ चालते. या मिश्रणात साखर चवीसाठी नसते. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज शिरताना सोबत सोडिअम ओढून नेते आणि त्यामागे पाणी जाते, आणि जुलाबातही ही वाट बहुधा उघडीच राहते. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच पाण्यावर हजारो लोकांना वाचवले. साध्या ग्लुकोज पावडरीत मात्र मीठच नसते, आणि बाटलीतला फळांचा रस, शीतपेये व गोड चहा यांतली जादा साखर आतड्यात उलट पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढवते.

तुमच्या मुलाच्या वयाला प्रत्येक पातळ जुलाबानंतर 50 ते 100 मिलिलिटर द्यायचे असते. उलटी होत असेल तर बाटली किंवा पेला तोंडाला लावू नका. उलटीनंतर दहा मिनिटे थांबा आणि मग दर दोन मिनिटांनी एक लहान चमचा द्या. एवढ्याने काय होणार असे वाटते, पण तासाभरात ते दीडशे मिलिलिटर होते आणि यातले बहुतेक पोटात राहते, तर घाईने पाजलेला भरलेला पेला एकाच उलटीत बाहेर येतो.

आता साबुदाण्याची पेज आणि डाळीचे पाणी. दोन्ही पोटाला हलकी वाटतात, यात सासूबाईंचे चुकत नाही, पण साबुदाण्यात जवळजवळ केवळ पिष्ट असते आणि डाळीच्या वरच्या पाण्यात डाळ नसतेच. बाळाचे पोट मात्र त्या पाण्याने भरते आणि त्याला वाटते की आपण जेवलो. त्याऐवजी तांदूळ आणि मुगाची डाळ एकत्र मऊ शिजवा, चमच्याच्या पाठीने पूर्ण मोडा आणि तुपाचा लहान चमचा घाला. चमचा तिरपा केला तर खिचडी सावकाश घसरावी, पाण्यासारखी वाहू नये, एवढा दाटपणा ठेवा. तुपाने जुलाब वाढतात हीही भीती सोडा : थोडक्या घासात पुरेशी ऊर्जा देण्याचा तो सोपा मार्ग आहे. दहीभात, कुस्करलेले पिकलेले केळे, उकडलेला बटाटा, नाचणीची दाट खीर, खात असेल तर उकडलेले अंडे, हे सगळे चालते. केळे आणि दही ‘थंड’ असतात म्हणून तापात बंद करण्याला काही आधार नाही. उलट केळ्यातून जुलाबात वाहून जाणारे पोटॅशिअम मिळते आणि दह्यातले दुग्धशर्करेचे प्रमाण दुधापेक्षा कमी असते. दर तीन-चार तासांनी दोन-चार घास पुरेत. भूक मेलेली असताना जबरदस्तीने भरवू नका, ताप उतरला की लगेच पुन्हा द्या, कारण त्या तास-दोन तासांत बाळ सहसा आपणहून तोंड उघडते.

दूध कधी कमी करावे, याला एक अपवाद आहे. वरचे दूध दिल्यावर प्रत्येक वेळी लगेच फेसाळ, आंबूस वासाचा जुलाब होत असेल, पोट फुगत असेल आणि गुदद्वाराभोवती लाली येत असेल, तर आतड्यातले दुग्धशर्करा पचवणारे विकर तात्पुरते कमी झालेले असू शकते. अशा वेळी डॉक्टरांना विचारून काही दिवस दुधाऐवजी दही द्यावे. आईचे दूध मात्र तेव्हाही चालू राहते.

जस्ताचे औषध डॉक्टरांकडून लिहून घ्या. सहा महिन्यांवरील मुलाला दिवसाला 20 मिलिग्रॅम असे चौदा दिवस देतात. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की अनेक घरांत बाटली कपाटात जाते, पण ते चौदा दिवस पूर्ण करायचे असतात. जुलाब थांबवणाऱ्या मोठ्यांच्या गोळ्या मात्र लहान मुलाला कधीही देऊ नका.

पोटावरील त्वचा चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू सपाट होत असेल, डोळे खोल गेले असतील, सहा तासांत लघवी झाली नसेल, बाळ मलूल असेल, पीत नसेल, प्रत्येक घोट उलटत असेल किंवा जुलाबात रक्त दिसत असेल, तर घरी थांबू नका. अशा वेळी चमच्यांचा हिशेब पुरत नाही, बाळाला लगेच रुग्णालयात न्या.

जुलाब थांबल्यावर दोन आठवडे रोज एक जादा जेवण द्या. आजारात घटलेले वजन या काळातच भरून निघते, म्हणून त्याचे वजन आज आणि दोन आठवड्यांनी अंगणवाडीत किंवा दवाखान्यात एकाच काट्यावर करून घ्या. ते पूर्वीवर आले नसेल तर ते जादा जेवण पुढेही चालू ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.