जुनं गिऱ्हाईक, नवी उधारी आणि तुमचं डेली कलेक्शन

"माझं तालुक्याच्या गावात किराणा दुकान आहे, महिन्याला 3 लाखांचा धंदा, मार्जिन 9 टक्के. एक काका वडिलांपासूनचं गिऱ्हाईक, त्यांच्याकडे अडीच वर्षांपासून 38 हजार बाकी आहेत. आता मुलीच्या लग्नाचा 45 हजारांचा माल उधार मागतायत, उसाचं बिल आलं की देतो म्हणतात. संबंध न बिघडवता नाही कसं म्हणू? एकूण उधारी 3 लाखांच्या वर गेलीय म्हणून डेली कलेक्शनवाल्याकडून दुसऱ्यांदा 2 लाख घेतलेत, हातात 1 लाख 80 हजार मिळाले, रोज 2 हजार, असे 100 दिवस, त्यातले 35 भरले. माझ्या नावाची 2 लाखांची एफडी आहे, ती मोडायची नाहीये."

दादा, काकांचं बोलतोच, पण मला जास्त काळजी तुमच्या शेवटच्या दोन ओळींची वाटतेय. 20 हजार व्याज म्हणजे 10 टक्के असं तुम्ही धरलं असणार, बहुतेक सगळे तसंच धरतात. पण पैसे रोज परत जातायत, म्हणजे सरासरी तुमच्याकडे 90 हजारच राहतात, आणि त्यावर 20 हजार फक्त 100 दिवसांत. वर्षाचा हिशोब केला तर 80 टक्क्यांच्या आसपास जातं, महिन्याला साडेसहा. आणि बँकेत तुमचेच 2 लाख सहा-सात टक्क्यांनी पडून आहेत!

एफडी मोडू नका, पण तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ती बँकेत तारण ठेवून लागतील तसे पैसे काढा. साधारण 90 टक्क्यांपर्यंत मिळतो, व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त, आणि वापराल तेवढ्यावरच. आता कलेक्शनवाल्याला विचारा, आज बंद केलं तर किती? 65 हप्ते म्हणजे 1 लाख 30 हजार बाकी, पण त्यात न लागलेलं व्याज 9 हजारांच्या घरात आहे, ते सोडायला तयार असेल तर ओव्हरड्राफ्टमधून आजच मिटवा. पूर्ण 1 लाख 30 च मागत असेल तर लवकर भरून काही फायदा नाही, हप्ते संपू द्या, पण तिसऱ्यांदा घेऊ नका. त्याच्याकडे सावकारीचा परवाना आहे का तेही बघा, 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यात विनापरवाना सावकारी गुन्हा आहे, तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे होते.

आता काकांचा माल या हिशोबात बसवा. 45 हजारांच्या मालावर तुमचे सुटणार 4 हजार. तुमची खरेदी 41 हजारांची, ती साडेसहा टक्क्यांच्या पैशाने केली तर महिन्याला 2,700 व्याज, म्हणजे दीड महिन्यात नफा संपला, पुढे तुम्ही खिशातून भरताय. आणि जुने 38 हजार बुडाले तर ते भरून काढायला सव्वाचार लाखांची विक्री लागेल.

उसाच्या बिलावर भरवसा ठेवू नका. काका खोटं बोलत नसतील, पण सोसायटीचं पीककर्ज असेल तर ते बिलातून आधी कापलं जातं, उरलेल्या पैशावर लग्नाचा मंडपवाला, आचारी, सोनार सगळे बसलेत. तुमचा नंबर शेवटचा, कारण तुम्ही जवळचे.

नाही म्हणायचं तर गल्ल्यावर गिऱ्हाइकांसमोर नको, त्यांच्या घरी जा, चहा घेताना सांगा. माल संपला वगैरे बहाणा नको, दुसऱ्या दिवशी पोती उतरताना त्यांना दिसतील. सरळ सांगा, "काका, मीच व्याजाने पैसे काढलेत, आता नवीन उधार कुणालाच देत नाही. पण लग्नाचा माल माझ्याकडूनच न्या, रोखीत, मी दोन-तीन टक्के नफ्यावर लावतो, न फोडलेली पोती परत घेतो." यादी मागून घ्या, कमी पैशात कुठे भागतं ते बसून काढून द्या. एवढं केलंत तर नाही म्हटल्याचं त्यांना वाईट वाटेल, पण अपमान वाटणार नाही. आणि मग "कुणालाच नाही" हे खरोखर पाळा, पुढच्या आठवड्यात शेजाऱ्याला दिलंत आणि त्यांना कळलं तर संबंध तिथे तुटतो.

जुन्या बाकीचं त्याच दिवशी काढू नका, लग्न आहे. पण फार लांबवूही नका, कारण मुदत ठरवलेली नसेल तर उधार मालाच्या पैशासाठी दावा माल दिल्यापासून 3 वर्षांतच करता येतो, तुमची अडीच गेलीत. लग्न झालं की वही घेऊन जा, "38,000 बाकी मान्य" असं लिहून तारखेसह सही घ्या, ती सही मुदत संपायच्या आत झाली तर 3 वर्षं नव्याने मोजतात. कोर्टात जायचं नाही हे मला माहितीय, पण सही करताना आकडा दोघांसमोर एकच होतो. मग महिन्याला दीड हजार ठरवा, वेगळ्या पानावर, महिन्याचा किराणा मात्र रोखीत चालू ठेवा. बाकी थकल्याच्या लाजेनेच माणूस दुकान बदलतो, हप्ता ठरला की येताना मान खाली घालायला लागत नाही.

बँकेत सोमवारी एफडीची पावती घेऊन जा, काकांकडे त्यानंतर.