कोळ्याचे वेगवेगळे धागे

प्रश्न: कोळी एकच, मग जाळ्याचा धागा चिकट, लटकायचा कोरडा आणि अंड्यांची पिशवी कागदासारखी, हे कसं?

पोटात ग्रंथीच वेगवेगळ्या असतात. प्रत्येकीत वेगळं प्रथिन पातळ रूपात साठलेलं असतं. बारीक नळीतून जाताना त्यातलं पाणी कमी होतं, आम्लता वाढते आणि कोळ्याने मागच्या पायाने किंवा स्वतःच्या वजनाने ओढलं की त्याचा धागा होतो. म्हणजे तो पिचकारीसारखा उडत नाही, ओढावाच लागतो.

आमच्याकडे कोल्हापुरात पावसाळा सरता सरता उसाच्या बांधावर नक्षीवाली कोळीण बसते. तिच्या जाळ्याला बोट लावून बघा. मधून बाहेर जाणारे आरे कोरडे लागतात. गोल फेऱ्यांचा धागा मात्र बोटाबरोबर ताणत येतो. तो धागा एका ग्रंथीचा, त्यावरचे डिंकाचे थेंब दुसरीचे. फांदी हलवलीत तर कोळीण खाली सुटते, पण मागे धागा असतोच. तो आऱ्यांच्याच जातीचा, मजबूत. त्याचं टोक फांदीला डकवायला आणखी एक ग्रंथी!

अंड्यांच्या पिशवीच्या धाग्याची ग्रंथी फक्त मादीत असते. नराला पिशवी विणताच येत नाही.