पहिले ३८४ रुपये

"ताई, मी सिक्युरिटीत नाईट करतो. मोबाईलवर आवाज ऐकून टाईप करायचं काम घेतलंय. पहिले पैसे आले, ३८४ रुपये. बायको म्हणते, झोपेचं खोबरं करून एवढेच? सोडून देऊ का?"

हे विचारणारे गृहस्थ भांडुपचे, ड्यूटी विक्रोळीला, रात्री आठ ते सकाळी आठ. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मी त्यांना आधी वही काढायला लावली.

दर होता ऑडिओच्या मिनिटाला १२ रुपये. नवख्यांची गफलत इथेच होते, कारण हे मिनिट रेकॉर्डिंगचं असतं, आपल्या कामाचं नव्हे. त्यांनी ४० मिनिटं ऑडिओ उतरवला होता आणि प्रत्येक मिनिटाला त्यांची सुमारे नऊ मिनिटं गेली होती. म्हणजे सहा तास. त्यातली ८ मिनिटं नाकारली गेली. उरली ३२. तासाला पडले ६४ रुपये.

नाकारलेल्या क्लिपांवर एकच शेरा होता, 'बोललं तसं लिहा'. क्लिपमधली बाई म्हणाली होती "मी गेलेवते", ह्यांनी लिहिलं "मी गेले होते". शाळेत शुद्धलेखनाला चांगले मार्क असणार! पण अशा कामात माणूस अडखळला तर अडखळणंही लिहायचं असतं, आणि ऐकू आलं नाही तर अंदाज न बांधता सूचनेत दिलेली खूण करायची असते.

नऊ मिनिटं का लागत होती, ते त्यांनी माझ्यासमोर एक क्लिप केली तेव्हा कळलं. कीबोर्ड वर आला की थांबवायचं बटण त्याखाली झाकलं जायचं. दर वाक्याला कीबोर्ड खाली, क्लिप मागे, कीबोर्ड वर. वायरवाल्या इअरफोनच्या बटणाने क्लिप थांबवता येते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. दोन आठवड्यांत ते सहा मिनिटांवर आले. सगळं पास झालं तर तासाला १२० रुपये.

झोपेचं मात्र बायकोचंच खरं होतं. घरी आल्यावर साडेनऊ ते साडेदहा काम, आणि अडीचला मुलं शाळेतून आली की उठणं. झोप चार तास. पहाटे चारच्या सुमाराला शरीर तसंही ढेपाळतं, त्यात गेटवर दोनदा डुलकी लागली होती. मी काम सोडायला सांगितलं नाही, वेळ बदलायला सांगितली. आल्या आल्या नाश्ता करून, खिडकीला जाड चादर लावून झोप. काम संध्याकाळी पाचला, एकच तास.

दरम्यान एका ग्रुपवर कुणीतरी 'जास्त दराच्या कामासाठी' ५०० रुपये डिपॉझिट मागितलं. ते माझ्याकडे आले. काम देणारा आपल्याकडून पैसे घेत नसतो, आणि पैसे यायला यूपीआय पिन लागत नाही, एवढंच मी सांगितलं. त्यांनी ग्रुप सोडला.

आता वही बायको लिहिते. परवा तिने तिसरा रकाना आखलाय, झोपेच्या तासांचा.