लुडोचा ऑनलाइन फासा कसा ठरतो, आणि तो तपासायचा कसा?

प्रश्न: ऑनलाइन लुडोत मला वीस-वीस वेळा सहा पडत नाही, समोरच्याला लगेच पडतो. फासा सेट केलेला असतो का?

मी अशा गेमचा सर्व्हरकडचा कोड लिहिलाय म्हणून सांगतो, तो गरगर फिरणारा फासा नुसता देखावा असतो, नीट बनवलेल्या गेममध्ये आकडा सर्व्हरवर आधीच ठरलेला असतो, त्यामुळे जोरात दाबा नाहीतर थांबून दाबा, काही फरक पडत नाही. सर्व्हर ऑपरेटिंग सिस्टिमकडून 0 ते 255 मधली एक रँडम संख्या घेतो, तिला 6 ने भागतो आणि बाकीत 1 मिळवतो. इथेच नवखे चुकतात, कारण 256 ला 6 ने पूर्ण भाग जात नाही, मग 1 ते 4 ला 43 संधी मिळतात आणि 5 नि 6 ला 42च. म्हणून 252 ते 255 आलं की ते टाकून द्यायचं आणि नवीन संख्या मागायची.

आता तुमचे वीस वेळा. एकाला सलग वीस दानांत सहा न पडण्याची शक्यता साधारण 2.6 टक्के आहे, पण खेळतात चौघं, त्यामुळे सुरुवातीच्या वीस-वीस दानांत चौघांपैकी कोणीतरी एक असा अडकणं हे दर दहा डावांत एकदा होणारच. तो तुम्ही असलात की लक्षात राहतं, बाकी नऊ डाव विसरायला होतात.

तरी शंका असेल तर वहीत मांडा. किती दानं लिहायची ते आधीच ठरवा, चिडून मध्येच थांबलात तर हिशोब बिघडतो. मी 600 लिहिली होती, 1 ते 6 अनुक्रमे 92, 108, 97, 111, 104, 88 वेळा आले. प्रत्येकाची अपेक्षा 100, मग प्रत्येक फरकाचा वर्ग करून 100 ने भागायचा आणि सगळं मिळवायचं, माझं उत्तर 4.18 आलं. प्रामाणिक फाशातही हे 11.07 च्या वर शंभरातून पाचदा जातं, त्यामुळे 4.18 म्हणजे काळजीचं काही नाही, सहा 88च दिसत असले तरी.

पण खरी मेख पुढे आहे. ही बेरीज बरोबर येऊनही गेम फसवू शकतो, म्हणजे एकूण सहा पुरेसे द्यायचे पण नको तेव्हा, आणि गोट्या घरात असताना अडवायचे. म्हणून चारही गोट्या घरात असतानाची दानं वेगळी काढा. माझी अशी 120 निघाली, अपेक्षा 20 सहांची, आले 17. इथे 12 ते 28 पर्यंत काहीही आलं तरी नशीबच म्हणायचं. आठ-नऊच आले असते तर मात्र मी अजून 120 दानं लिहिली असती, आणि पुन्हा तसंच निघालं असतं तर त्या गेमला हात लावला नसता.