मोबाइल नसेल तर रेल्वेत करेल काय?

"मुलगा नऊ वर्षांचा आहे. आजोबांबरोबर पहिल्यांदाच दहा-अकरा तासांच्या रेल्वे प्रवासाला निघालाय. मोबाइल हातातून काढला की थोड्याच वेळात चिडतो. आजोबांना झेपेल का? की मोबाइल देऊनच पाठवू?"

याच वयाचा एक मुलगा माझ्याकडे यायचा. त्याच्या आजोबांना मी एवढंच सांगितलं होतं, की पहिला तासभर तो कुरकुरेल, तेव्हा त्याला रमवायला जाऊ नका. मोबाइल संध्याकाळी अर्धा तास मिळेल हे त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. गाडीत बसल्यावर ऐनवेळी काढून घेतला, तर मुलांना ती शिक्षाच वाटते.

तो कुरकुरला, पाय आपटले, "किती वेळ राहिला?" हे सतत विचारत राहिला. आजोबा शांतपणे बाहेर बघत बसले. शेवटी कंटाळून तोही बघू लागला आणि म्हणाला, "आजोबा, खांब मागे पळतायत, मग डोंगर आपल्याबरोबर का येतोय?"

इथे उत्तर देऊन टाकायचा मोह मोठ्यांना आवरत नाही. आजोबा म्हणाले, "एक जवळचं झाड धर, एक लांबचं. कोण आधी खिडकीबाहेर जातं बघ." बराच वेळ झाडं बघितल्यावर पोराने स्वतःच सांगितलं, की जितकं लांब तितकं हळू. डोंगरही मागे पडतच असतो, पण इतक्या लांबून त्याची दिशा फार सावकाश बदलते. म्हणून तो सोबत आल्यासारखा वाटतो.

मग रुळांकडेचे किलोमीटरचे दगड दिसले. आजोबांनी मनगटावरचं घड्याळ काढून त्याच्या हातात दिलं. एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत ५० सेकंद लागले. तासाचे सेकंद ३६००, त्यांना ५० ने भागलं की ७२. म्हणजे गाडीचा वेग ताशी ७२ किलोमीटर! हे गणित त्याने दिवसभर पुन्हा पुन्हा केलं. एरवी भागाकार म्हटला की रडणारा मुलगा हा, हे मुद्दाम सांगते.

मला यातला कुरकुरीचा तास सर्वांत मोलाचा वाटतो. तो कोणी भरून काढला असता, तर डोंगराचा प्रश्न त्याला पडलाच नसता.

तुमच्या मुलाला गाडी लागत असेल, तर गाडी ज्या दिशेला जाते त्या दिशेला तोंड करून बसवा आणि लांब बघायला सांगा. स्क्रीनवर डोळे खिळले की डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं, कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला मात्र हालचाल जाणवते, आणि मळमळ वाढते. अंधार पडल्यावर काचेत आपलंच तोंड दिसतं. संध्याकाळचा अर्धा तास तेव्हासाठीच राखून ठेवा.

मोबाइल काढल्यावर तो नुसता चिडत नसेल, स्वतःला किंवा दुसऱ्याला मारत असेल, रात्र रात्र झोपत नसेल, तर मात्र प्रवासाआधी त्याला घेऊन या. ते आजोबांवर सोपवू नका.