शाळेचा निर्णय अडला तेव्हा

«मुलाच्या पहिलीच्या प्रवेशावरून आमचं तीन महिने अडलंय. मला मराठी शाळा हवी, ह्यांना इंग्रजीच. जो माघार घेईल तो जन्मभर ऐकवेल. दोघांना पटेल असं ठरवायचं कसं?»

याच पेचात सापडलेलं एक जोडपं समुपदेशनाला आलं होतं. (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) पहिल्या बैठकीत शाळेचं नावही घ्यायचं नाही असं ठरलं. एकाने वीस मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने फक्त टिपून घ्यायचं आणि ऐकलेलं परत सांगायचं. बोलणारा «हो, हेच» म्हणेपर्यंत पाळी बदलायची नाही.

पत्नीने सांगितलं, «त्याला इंग्रजीचं वेड आहे.» हे ऐकलेलं नव्हतं, तो नवऱ्यावर मारलेला शिक्का होता. तिसऱ्यांदा सांगताना खरं ते आलं: पहिल्या मुलाखतीत उत्तर येत असूनही त्याला बोलता आलं नव्हतं, आणि मुलावर ती वेळ येऊ नये असं त्याला वाटत होतं. तिची भीती वेगळी होती. मुलगा आजीशी बोलेल, पण आजीची पत्रं त्याला वाचता येणार नाहीत.

मग दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर एकात एक दोन वर्तुळं काढली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांची ही पद्धत. आतल्या वर्तुळात सोडता येणार नाही ते, बाहेरच्यात मागेपुढे करता येईल ते. इथेच बहुतेकांचं चुकतं. नवऱ्याने आत «इंग्रजी शाळा» लिहिलं, पण तो उपाय झाला, गरज नव्हे. ओळखायची खूण अशी की गरज एकाहून जास्त वाटांनी भागते. «इंग्रजीत न अडखळता बोलता यावं» असं लिहिल्यावर वाटा दिसू लागल्या. तिच्या आतल्या वर्तुळात «मराठी सहज वाचता-लिहिता यावं» एवढंच उरलं. फी, अंतर, शाळेचं नाव हे सगळं दोघांच्याही बाहेरच्या वर्तुळात गेलं.

सेमी-इंग्रजी शाळा पुढे आली ती त्यानंतर. गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकीचं मराठीत. तिची गरज भागली, त्याची अर्धीच, कारण अशा शाळेत इंग्रजी बोलायची सवय लागेलच असं नाही. म्हणून रोज अर्धा तास मुलाशी इंग्रजीत बोलायचं काम त्याने घेतलं, आणि त्या वेळात स्वयंपाकघर सांभाळायचं तिने.

दुसरीच्या वार्षिक परीक्षेनंतर फेरविचार, हेही कागदावर आलं. मुलाने इंग्रजी गोष्टीचं एक पान वाचून ती इंग्रजीतच चार वाक्यांत सांगावी, आणि मराठीत आजीला अर्ध्या पानाचं पत्र लिहावं. जे जमणार नाही त्यासाठी शाळा बदलण्याचा विचार पुन्हा खुला. मोजमाप आधी लिहिलं नसतं, तर त्या दिवशी जुनंच भांडण उकरलं गेलं असतं.

कागदांची अदलाबदल होईपर्यंत आई-वडिलांना मध्ये घेऊ नका. घरात एकाला दुसऱ्याची भीती वाटत असेल, मारहाण होत असेल, तर मात्र ही वर्तुळं काढूच नका. तिथे आतलं वर्तुळ भीतीपोटी रिकामं राहतं. अशा वेळी आधी समुपदेशकाला एकट्याने भेटा.