पीओ आली की पेमेंटच्या अटींचा एक छोटा मेल टाक

वाळूजच्या कंपनीची पीओ आली की त्यातली पेमेंटची ओळ आधी वाच. ‘३०% ॲडव्हान्स, बाकी ४५ दिवस’ एवढंच असेल, तर दोन गोष्टी उघड्या राहतात: ३०% कशावर, आणि ४५ दिवस कुठल्या तारखेपासून?

समज, माल २,००,००० चा, १८% जीएसटी धरून २,३६,०००. ॲडव्हान्स मूळ रकमेवर धरला तर ६०,०००, एकूण रकमेवर धरला तर ७०,८००. जालन्याहून स्टील उचलताना हा फरक जाणवतो. दिवसांचंही तसंच. बिल ५ जूनचं असेल तर ४५ दिवस २० जुलैला भरतात. पण त्यांच्या स्टोअरनं माल मिळाल्याचा जीआरएन १४ जूनला केला आणि अकाउंट्सनं तिथून मोजलं, तर थेट २९ जुलै.

म्हणून त्याच पीओ मेलला रिप्लाय कर, परचेसवाल्या साहेबांसोबत अकाउंट्सलाही सीसीत ठेव:

‘नमस्कार साहेब, पीओ मिळाली, आभार. आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे ॲडव्हान्स जीएसटीसह रकमेच्या ३०%, म्हणजे ७०,८०० रुपये. तो जमा झाला की काम सुरू करतो. उरलेले १,६५,२०० बिलाच्या तारखेपासून ४५ दिवसांत. काही वेगळं असेल तर कळवा, नाहीतर ‘ओके’ एवढा रिप्लाय द्या.’

फोनवर न ठरलेली अट यात घुसवू नकोस. तशी असेल तर आधी बोल. आणि ‘ओके’ येईपर्यंत स्टीलची ऑर्डर देऊ नकोस.